एक दिवस उशीर आणि चकली परत: सुपरमार्केट ‘शॉर्ट डेट’चा माल का घेत नाही

जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने धारावीतल्या एका डार्क स्टोअरचा परवाना निलंबित केला. दहा मिनिटांत घरी सामान पोचवणाऱ्या कंपन्यांची जी बंद गोदामं असतात, त्यांतलं हे एक. तपासणीत जे दोष निघाले त्यांत एक असा होता, की मुदत संपलेला माल चांगल्या मालापासून वेगळा ठेवलेला नव्हता. बातमी वाचून बहुतेकांनी विचारलं, ‘तारीख संपेपर्यंत माल तिथे राहतोच कसा?’

या प्रश्नाचं निम्मं उत्तर गोदामाच्या मागच्या दारात आहे. तिथे रोज ट्रक येतात आणि त्यांतले काही भरलेलेच परत जातात. त्यांतला माल खराब नसतो, एक्सपायरीला दोन-तीन महिने बाकी असतात, तरी तो परत जातो. कमी मुदत उरलेल्या अशा मालाला धंद्यात ‘शॉर्ट डेट’ किंवा नुसतं ‘शॉर्ट’ म्हणतात. पुरवठादाराला वाटतं, ही दादागिरी आहे. मी काही वर्षं एका फराळ बनवणाऱ्या छोट्या कंपनीत डिस्पॅच सांभाळलं आहे, त्यामुळे हा राग मला चांगला ओळखीचा आहे. पण त्यामागचं गणित एकदा कागदावर मांडलं की राग पूर्ण जात नाही, तरी त्याची दिशा बदलते.

## पाकिटावरच्या दोन तारखा

चकलीच्या पाकिटावर दोन तारखा असतात, बनवल्याची आणि मुदत संपण्याची. दोन्हींमधल्या दिवसांना शेल्फ लाइफ म्हणतात. आमच्या भाजणीच्या चकलीची शेल्फ लाइफ १२० दिवस होती. ३ जूनला बनलेली चकली १ ऑक्टोबरपर्यंत.

आता दुकानदार म्हणतो, माल माझ्या दारात येईल त्या दिवशी या १२० पैकी किमान अमुक दिवस शिल्लक पाहिजेत. या अटीला धंद्यात ‘मिनिमम रिमेनिंग शेल्फ लाइफ’ म्हणतात. आपण तिला ‘उरलेल्या मुदतीची अट’ म्हणू. आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाची अट ७० टक्क्यांची होती. १२० चे ७० टक्के म्हणजे ८४ दिवस. उलट्या बाजूने पाहिलं तर चकली तळल्यापासून त्यांच्या दारात उतरेपर्यंत आमच्या हातात फक्त ३६ दिवस.

छत्तीस दिवस ऐकायला भरपूर वाटतात. तळून झालेली चकली महिनाभर कोण ठेवतो? आम्हालाही सुरुवातीला तसंच वाटायचं.

## छत्तीस दिवस जातात कुठे

एका खेपेचा हिशेब सांगतो. ३ जूनला माल बनला. थंड होणं, पॅकिंग, नमुन्याची तपासणी आणि आमच्याच गोदामात चढणं यात ८ जून उजाडला. सांगलीहून भिवंडीच्या डेपोला अर्धा ट्रक पाठवणं परवडत नाही, म्हणून ट्रक भरायची वाट पाहिली. १५ जूनला माल भिवंडीत पोचला. तिथे तो ऑर्डरची वाट बघत पडून राहिला, कारण सुपरमार्केट स्वतःच्या सोयीने ऑर्डर देतं, आमच्या नाही. पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, आला २७ जूनला. २४ दिवस गेले होते आणि माल अजून आमच्याच छपराखाली.

पीओ आला म्हणजे लगेच ट्रक नेता येतो असं नसतं. त्यांच्या गोदामात माल उतरवायचा दिवस आणि वेळ ठरवून घ्यावी लागते. त्याला ‘स्लॉट’ किंवा ‘अपॉइंटमेंट’ म्हणतात. आम्हाला ४ जुलैचा स्लॉट मिळाला. त्या दिवशी ८९ दिवस शिल्लक असणार होते, म्हणजे अटीपेक्षा पाच जास्त. सगळे निवांत होते.

४ जुलैला मुसळधार पाऊस होता. ट्रक सकाळी पोचला, पण गेटबाहेर आधीच्या गाड्यांची रांग होती. दुपारी चारला त्यांनी उतरवणं बंद केलं. पुढचा स्लॉट १० जुलैचा. त्या दिवशी चकलीचे ८३ दिवस उरले होते, म्हणजे १२० चे ६९ टक्के आणि वर थोडं. एका दिवसाने चुकलं.

दारात नेमकं काय होतं ते पाहण्यासारखं असतं. माल उतरवून घेणारा मुलगा प्रत्येक बॅचचा एक खोका फोडतो. खोक्यावरच्या लेबलवर विश्वास ठेवत नाही, आतल्या पाकिटावरची तारीख वाचतो. खोका नव्या बॅचचा आणि आत पाकिटं जुन्या बॅचची, असं खरंच होतं, आणि दर वेळी लबाडीनेच होतं असंही नाही. तारीख तो हातातल्या स्कॅनरमध्ये भरतो. कॉम्प्युटर एक्सपायरीतून आजची तारीख वजा करतो, आकडा अटीशी ताडून बघतो आणि आकडा कमी असेल तर पुढे जाऊ देत नाही. माल मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, निघतच नाही. जीआरएन नाही म्हणजे बिल नाही, बिल नाही म्हणजे पैसे नाहीत. त्या मुलाला हात जोडून उपयोग नसतो, कारण त्याच्या हातात काहीच नसतं. आमचा ड्रायव्हर त्याला म्हणाला, ‘अरे बाबा, एक दिवस आहे.’ त्याने स्क्रीन फिरवून दाखवली. तिथे लाल ओळ होती.

## पण माल तर चांगला होता ना?

उत्तम होता. ही अट मालाच्या दर्जाबद्दल नाहीच, हे आधी समजून घ्यायला हवं. ‘तुमची चकली खवट आहे’ असं दुकानदार म्हणत नसतो. त्याचं म्हणणं एवढंच असतं, की उरलेल्या दिवसांत ही माझ्याकडून विकली जाणार नाही.

आता त्याच्या बाजूने हिशेब करू. मुदतीकडे बटव्यातल्या पैशांसारखं बघा. चकली जन्मली तेव्हा बटव्यात १२० रुपये होते. कारखाना, डेपो, सुपरमार्केटचं गोदाम, दुकान आणि शेवटी गिऱ्हाइकाचं घर, असा बटवा पुढे पुढे जातो. प्रत्येक जण त्यातून खर्च करतो, भर कोणीच घालत नाही. आणि शेवटच्या माणसाच्या हातात तो रिकामा पडून चालत नाही. घरी आणलेलं पाकीट पाहुणे येईपर्यंत डब्याशेजारी पडून राहतं, हे आपल्या सगळ्यांच्या घरचं आहे. म्हणून दुकानदार घरासाठी काही दिवस बाजूला काढतो. ते ३० टक्के धरू, म्हणजे ३६ दिवस.

८४ दिवस शिल्लक असताना माल घेतला तर ८४ उणे ३६, म्हणजे विकायला ४८ दिवस. त्यातले दहाएक दिवस त्यांच्या गोदामात, तीन दिवस दुकानापर्यंत पोचून मांडणीवर लागण्यात. राहिले ३५ दिवस. आमच्या चकलीचा खोका २४ पाकिटांचा होता. मोठ्या शहरातल्या दुकानात तो आठवड्यात संपायचा. पण छोट्या गावातल्या शाखेत चकली दिवसाला एक पाकीट खपते. तिथे एक खोका संपायला २४ दिवस लागतात. ३५ दिवसांत तो आरामात बसतो.

हाच माल ६० दिवस शिल्लक असताना घेतला असता तर? ६० उणे ३६, म्हणजे २४. त्यातून वाटेतले १३ वजा करा. मांडणीवर मिळाले ११ दिवस आणि विकली गेली ११ पाकिटं. खोक्यातली १३ पाकिटं उरली, म्हणजे निम्म्याहून जास्त. ती आता अर्ध्या किमतीत काढा, परत पाठवा नाहीतर फेका.

पाकीट खायला अजून दोन महिने चांगलं असतं आणि धंद्यासाठी मात्र ते संपलेलं असतं. सगळा वाद या एका ठिकाणी आहे. आणि अट सर्वात हळू खपणाऱ्या शाखेकडे बघून ठरवावी लागते, कारण दारात माल घेताना कोणता खोका कोणत्या शाखेला जाणार हे माहीत नसतं.

## उरला तर कंपनी परत घेतेच की!

हा आक्षेप मी आमच्याच ऑफिसात सर्वात जास्त ऐकला. ‘एवढं काय, नाही खपलं तर परत घेऊ.’ पण परत घेणं म्हणजे काय होतं ते पाहा. तीन महिन्यांनी एक डेबिट नोट येते, म्हणजे अमुक पाकिटं संपली, त्याचे पैसे तुमच्या बिलातून कापले. माल परत येतो किंवा तिकडेच नष्ट होतो. परत आलाच तर तो विकण्यासारखा नसतो. शिवाय नष्ट केलेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, कायद्याने सोडावं लागतं, तो भुर्दंड वेगळा.

याउलट १० जुलैला दारातून परत आलेल्या चकलीला ८३ दिवस होते. ती दुसरीकडे विकता येत होती. वाहतुकीचं नुकसान झालं, मनस्ताप झाला, पण माल हातात राहिला. दारातला नकार हा पुरवठादारालाही बहुतेक वेळा स्वस्तच पडतो. हे कळायला मला दोन वर्षांच्या डेबिट नोटा एकत्र मांडून बघाव्या लागल्या.

दुकानदाराला आणखी एक भीती असते. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम २७ नुसार मुदत संपलेला पदार्थ विकला गेला तर विकणारा जबाबदार असतो. ‘माझ्याकडे आला तेव्हाच शॉर्ट होता’ हा बचाव तिथे चालत नाही. मांडणीवर हजारो प्रकारची पाकिटं असतात आणि त्यांच्या तारखा माणसं डोळ्यांनी तपासतात. जितका शॉर्ट माल आत येईल, तितकी एखादं पाकीट नजरेतून सुटायची शक्यता वाढते. धारावीच्या बातमीतला प्रश्न इथे येऊन भिडतो.

## हा सरकारी नियम आहे का?

७० टक्क्यांची अट सरकारने घातलेली नाही. ती दोन व्यापाऱ्यांमधल्या करारातली गोष्ट आहे. कोणी ६० मागतो, कोणी ७५, आणि ज्याच्या हातात बाजार आहे त्याचं चालतं.

सरकारचे आकडे दुसऱ्या दोन ठिकाणी आहेत. एक आयातीत. परदेशी खाद्यपदार्थ न्हावा शेवा बंदरात उतरला की २०१७ च्या नियमांनुसार त्याची ६० टक्के मुदत किंवा तीन महिने, यांतलं जे कमी असेल ते शिल्लक लागतं. ‘जे कमी’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. वर्षभर टिकणाऱ्या चॉकलेटला तीन महिने पुरतात. शंभर दिवस टिकणाऱ्या चीजला ६० दिवस लागतात.

दुसरं ऑनलाइन विक्रीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेने, ई-कॉमर्स कंपन्यांना बोलावून सांगितलं, की पदार्थ गिऱ्हाइकाच्या हातात पडेल तेव्हा ३० टक्के किंवा ४५ दिवसांची मुदत शिल्लक हवी. टक्क्यांचा पर्याय का ठेवावा लागतो हे पावावरून कळतं. पाच दिवसांच्या पावाला ४५ दिवसांची अट लावली तर पाव विकताच येणार नाही.

यातली साखळी लक्षात घ्या. शेवटच्या दारात अट घट्ट झाली की मधल्या प्रत्येक दारात ती घट्ट होते. गिऱ्हाइकासाठी ३० टक्के बांधले गेले, तर ऑनलाइन कंपनी आपल्या गोदामाच्या दारात त्याहून बरेच जास्त मागणार. मग ते दिवस जातात कारखान्याच्या वाट्यातून.

जपानमध्ये ही वाटणी अगदी सरळ होती. मुदतीचे तीन सारखे भाग करायचे. पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात कारखान्याने दुकानाला द्यायचं, दुसऱ्यात दुकानाने विकायचं, तिसरा गिऱ्हाइकाचा. सहा महिने टिकणारं बिस्किट दोन महिन्यांत दुकानात पोचलं नाही तर परत. त्यात इतका चांगला माल वाया जाऊ लागला, की २०१२ पासून सरकार आणि उद्योगांनी मिळून कारखान्याचा वाटा निम्म्यापर्यंत वाढवायचे प्रयत्न सुरू केले. तेव्हा अट फुकटची नाही. दुकानातला कचरा वाचवताना तोच कचरा कारखान्याच्या अंगणात जाऊ शकतो.

## आजच बनलेला माल परत येतो तेव्हा

एकदा आमच्या लसूण शेवेचा ट्रक परत आला. शेव चार दिवसांपूर्वीची होती. ११६ दिवस शिल्लक होते आणि स्क्रीनवर लाल ओळ. फोनवर पलीकडचा माणूस म्हणत होता, ‘शॉर्ट एक्सपायरी आहे.’ आमच्या मालकांचा आवाज तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेला.

कारण असं निघालं, की आम्ही तेल बदललं होतं आणि शेवेची शेल्फ लाइफ १८० वरून १२० दिवसांवर आणली होती. पाकिटावर नवीन तारीख छापली, पण गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरात जुनाच आकडा राहिला. १८० चे ७० टक्के म्हणजे १२६. ज्या शेवेचं अख्खं आयुष्य १२० दिवसांचं आहे, तिच्याकडे कॉम्प्युटर १२६ दिवस मागत होता. कढईतून काढून थेट त्यांच्या दारात नेली असती तरी ती नापास झाली असती.

ही चूक ओळखायची खूण सोपी आहे. नकाराच्या कागदावर ‘किमान दिवस’ छापलेले असतात. तो आकडा तुमच्या पाकिटावरच्या मुदतीच्या ठरलेल्या टक्केवारीशी जुळत नसेल तर दोष मालात नाही, नोंदीत आहे. एसएपी हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांकडे या नोंदीच्या दोन जागा शेजारी असतात, `Total shelf life` आणि `Min. Rem. Shelf Life`. पहिली सुधारून दुसरी तशीच ठेवली तरी घोटाळा तोच.

याचा एक धाकटा भाऊ आहे. काही पाकिटांवर फक्त महिना आणि वर्ष छापतात. कॉम्प्युटरला मात्र पूर्ण तारीख लागते. मग एक जण ‘ऑक्टोबर’ म्हणजे १ ऑक्टोबर भरतो आणि दुसरा ३१. त्याच पाकिटाचे एका गोदामात ३० दिवस जास्त होतात. करारात हे एका ओळीत लिहून घेतलं तर पुढची भांडणं वाचतात.

## टक्के पूर्ण असूनही नकार

हा प्रकार नवख्या पुरवठादाराला सर्वात जास्त चक्रावतो. ८४ हवेत, मालाला ९० आहेत, तरी परत. चौकशी केली तर कळतं, मागच्या आठवड्यात तुम्हीच ९८ दिवस शिल्लक असलेला माल दिला होता. म्हणजे आजचा माल मागच्या मालापेक्षा जुन्या तारखेचा आहे.

गोदामात नियम असतो, की ज्याची मुदत आधी संपते तो आधी बाहेर. नवी खेप आली की ती मागे लावायची आणि पुढून काढत राहायचं. उशिरा आलेली खेप जुन्या तारखेची निघाली की हा क्रम उलटा होतो. दुकानात आधीच गेलेल्या पाकिटांपुढे ही पाकिटं लावायला कोणी जात नाही. ती मागेच राहतात आणि मागेच संपतात. म्हणून काही मोठी गिऱ्हाइकं ‘मागच्या खेपेपेक्षा जुनी तारीख नको’ अशी वेगळी अट ठेवतात. आमच्या बाबतीत चूक आमच्याच भिवंडीच्या डेपोत होती. तिथल्या माणसाने दाराजवळचा नवा माल आधी भरला, कारण तो हाताशी होता.

## मग दादागिरी कुठेच नाही?

आहे, आणि ती मला अजूनही खटकते. टक्केवारीचं गणित पटतं. पण ४ जुलैला ट्रक वेळेवर गेटवर होता. रांग त्यांच्या आवारातली, उतरवणं त्यांनी थांबवलं, सहा दिवसांनंतरचा स्लॉटही त्यांनीच दिला. त्या सहा दिवसांचे पैसे मात्र आमच्या बटव्यातून गेले.

यावर उपाय भांडण नाही, करारातलं एक वाक्य आहे. उरलेली मुदत माल उतरवल्याच्या दिवशी मोजायची नाही, पहिल्या ठरलेल्या स्लॉटला गाडी गेटवर नोंदली गेली त्या दिवशी मोजायची. गेटवर गाडीच्या नोंदीची चिठ्ठी मिळते, तीच पुरावा. आम्ही पुढच्या वर्षी हे लिहून मागितलं. त्यांनी ४८ तासांपर्यंतच्या उशिराची सूट दिली, त्यापुढे नाही. ४ जुलैच्या प्रसंगाला ती पुरली नसती, पण एखाद-दुसऱ्या दिवसाने होणारे नकार त्यानंतर थांबले.

काही ठिकाणी शॉर्ट माल स्वस्तात घ्यायला दुकानदार तयार होतो. तसं असेल तर वेगळा पीओ आणि वेगळा दर आधीच ठरवावा लागतो, आणि माल कोणत्या शाखेत जाणार तेही. दारात उभं राहून ‘दहा टक्के कमी करतो, घ्या’ म्हणण्याचा उपयोग होत नाही, कारण दर ठरवणारा माणूस दारात नसतो.

## ती चकली कुठे गेली

१० जुलैचा ट्रक भिवंडीला परत नेला आणि दुसऱ्या दिवसापासून किराणा दुकानांच्या घाऊक व्यापाऱ्यांना फोन सुरू केले. निम्मा माल कल्याण-उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याने घेतला, बाकीचा सांगलीकडे परत. मी स्वतः नमुना घेऊन आमच्या गल्लीतल्या काकांच्या दुकानात गेलो. या काकांकडे कॉम्प्युटर नाही, स्लॉट नाही, टक्केवारी तर नाहीच. त्यांनी पाकीट उलटं केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि तारीख वाचली.

‘अडीच महिने राहिलेत.’

‘हो, पण माल एकदम खुसखुशीत आहे, काका.’

‘खुसखुशीत असेल रे. पण गणपतीपर्यंत चकली कोण नेतंय माझ्याकडून?’ त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. ‘दोन खोके ठेव. पाच नको.’